सध्या चालू आहे ते सगळं

तो ईमेल पाठवण्याआधी मी केबिनचं दार आतून लावून घेतलं होतं. एरवी मी दार लावत नाही. लावलं की बाहेर लगेच चर्चा सुरू होते, मॅडमचा मूड बरा नाही म्हणून. त्या दिवशी चर्चा खरी होती.

ईमेल अर्थातच इंग्रजीत होता, पण त्याचा आशय एवढाच होता: आमच्या ईआरपीची नवी आवृत्ती बसवायची आहे, त्यासाठी निश्चित किंमत कळवा, निश्चित मुदत कळवा, आणि सध्या चालू आहे ते सगळं नव्या आवृत्तीत तसंच चालू राहिलं पाहिजे. शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं. सगळं त्यात आलं असं वाटत होतं. कायदेशीर भाषेत लिहिलेली वाक्यं मला नेहमीच आवडतात आणि नेहमीच महागात पडतात.

आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवते. पिना, बुश, स्क्रू, म्हणजे गाडी उघडली तरी ज्यांच्याकडे कोणी बघत नाही असे भाग. कारखाना शहराबाहेर, हिशेबाचं ऑफिस बिबवेवाडीत. खरेदी, स्टोअर, उत्पादन, बिलं, जमाखर्च, सगळं त्या एका ईआरपी सिस्टीमवर चालतं. ती बंद पडली तर गेटमधून ट्रकही बाहेर पडत नाही. आणि आमची आवृत्ती इतकी जुनी झाली होती की ती बनवणाऱ्या कंपनीने तिची देखभाल थांबवली होती. ऑडिटरांनी दोन वर्षं लागोपाठ लिहून दिलं होतं की नोंदीत कोणी काय बदललं याचा माग ठेवणारी सोय तुमच्या सिस्टीममध्ये नीट नाही. तिसऱ्या वर्षी ते नुसतं लिहून थांबले नसते.

पण माझ्या धास्तीचं कारण ऑडिटर नव्हते. कारण मी बसते ती फायनान्स मॅनेजरची खुर्ची होती.

मागच्या वेळी आवृत्ती बदलली तेव्हा त्या खुर्चीवर माझे साहेब बसायचे आणि मी बाहेर, काचेच्या पलीकडे. काम दिवसाच्या दराने दिलं होतं, म्हणजे सिस्टीम बसवणाऱ्या व्हेंडरची माणसं जितके दिवस येतील तितक्या दिवसांचं बिल. चार महिन्यांचा अंदाज होता. वर्ष उलटलं तरी काम चालूच. साहेब दर आठवड्याला कंपनीच्या मालकांसमोर, म्हणजे शेठसमोर, उभे राहून नवा आकडा सांगायचे आणि शेठ दर आठवड्याला खिडकीबाहेर बघायचे. शेवटी साहेबांनी राजीनामा दिला. दिला म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत होतं. पुढे ते बंगळुरूला मुलाकडे गेले आणि ऑफिसात त्यांचं नाव निघेनासं झालं. निघालं तर शेठ विषय बदलायचे.

आता ती खुर्ची माझी होती आणि शेठचा निरोप स्पष्ट होता. शेठ मूळचे शहराला लागलेल्या एका गावचे; गाव शहरात आलं, शेतावर शेड उभी राहिली, तिची कंपनी झाली. शिक्षण बेताचं, पण आकडा कसा वाचायचा हे त्यांना कोणी शिकवायला नको. "ताई, ह्या वेळी आकडा एकच," ते म्हणाले होते. "तुमची सही त्याच्याखाली. पुन्हा हाय-नाय ऐकायचं नाय मला." सही माझी, म्हणजे आकडा चुकला तर जायचंही मीच. हे त्यांनी म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती.

म्हणून दार लावून ईमेल.

उत्तर ईमेलने आलं नाही. दुसऱ्या दिवशी फोन आला. आमचे व्हेंडर म्हणजे नारायण पेठेत एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आठ-दहा माणसं घेऊन बसणारे, साठीकडे झुकलेले गृहस्थ. आमची सिस्टीम त्यांनीच बसवली होती, आणि इतकी वर्षं काहीही हवं असलं की आमचा कोणीही माणूस त्यांना फोन करून "जरा एवढं करून द्या ना" म्हणायचा, आणि ते करून द्यायचे.

"मॅडम, ईमेल मिळाला," ते म्हणाले. "वर 'रिस्पेक्टेड सर' वाचलं आणि मी मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून."

मी म्हटलं, "या वेळी सगळं लेखी हवंय, सर."

"असू दे. लेखीच देतो. फक्त एक सांगा. सध्या चालू आहे ते सगळं, असं आपण लिहिलंय. सगळं म्हणजे काय काय?"

"माहीत नाही," मी म्हटलं. मला खरंच माहीत नव्हतं.

"मलाही माहीत नाही," ते म्हणाले. "केलंय मीच, पण लक्षात कोण ठेवतो? जुन्या आवृत्तीवर आम्ही जे खास तुमच्यासाठी लिहिलं, ते नवीनवर आपोआप चालणार नाही. एकेक उघडायचं, तपासायचं, बरंचसं नव्याने लिहायचं. यादी द्या, तिची किंमत देतो. यादीशिवाय निश्चित किंमत हवी असेल तर तीही देतो, पण ती ऐकून आपण मला पुन्हा आदरणीय म्हणणार नाही."

मी यादी करायला घेतली. खास आमच्यासाठी लिहिलेले सगळे रिपोर्ट, प्रिंट, आपोआप जाणारे ईमेल, असा एक तक्ता त्यांनी सिस्टीममधून काढून पाठवला. दोनशेच्या वर ओळी होत्या. तो मी प्रत्येक खात्याला पाठवला आणि विचारलं, यातलं तुम्हाला काय लागतं त्यावर खूण करा.

सगळ्यांनी सगळ्यावर खुणा केल्या. स्टोअरने केल्या, विक्रीने केल्या, उत्पादनाने तर दुसऱ्यांच्या रिपोर्टवरही केल्या. का म्हणून विचारलं तर उत्तर एकच: "असू दे, कधी लागला तर?" आपल्याकडे श्रीखंडाचे रिकामे डबे ह्याच तत्त्वावर साठतात. माझ्याही घरी आहेत, त्यामुळे मी फार बोलू शकले नाही.

त्या यादीवर व्हेंडरचा आकडा आला. मी तो वाचला आणि पाणी प्यायले. मुदत अकरा महिने. शेठनी कागद हातात घेतला, उलटा करून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं आणि माझ्यासमोर ठेवला. "ह्याच्या निम्म्यात बसवा," ते म्हणाले. "आन् पाडव्याला नवी सिस्टीम चालू झाली पायजे."

पाडवा. म्हणजे ऐन मार्चअखेर, जेव्हा आमच्या खात्यात माणसं जेवायचीही विसरतात. पण तिथे तोंड उघडायचं धैर्य माझ्यात नव्हतं. मी मान हलवली आणि बाहेर येऊन पहिल्यांदा मला वाटलं की यातून आपण सुटत नाही. रात्री जेवताना नवरा दोनदा म्हणाला, "भाजीत मीठ नाही." तिसऱ्यांदा त्याने स्वतःच घातलं.

दुसऱ्या एका व्हेंडरकडूनही मी किंमत मागवली होती. त्याचा आकडा शेठच्या निम्म्यापेक्षाही कमी होता, अट एकच: सगळं स्टँडर्ड. खास काही मिळणार नाही. मला मोह झाला हे खोटं कशाला सांगू. मी नारायण पेठेत गेले तेव्हा तो कागद पर्समध्ये होता, आणि मी तो दाखवलाही.

आमच्या व्हेंडरांनी तो शांतपणे वाचला. "चांगला आहे," ते म्हणाले. "तो स्टँडर्ड देईल. तुम्ही स्टँडर्ड आहात का?" मग खुर्ची जरा पुढे ओढून म्हणाले, "मॅडम, त्या दोनशेमधलं निम्मं कोणी उघडतही नाही. पण कुठलं निम्मं, ते जुनी आवृत्ती सांगत नाही. कोणी काय उघडलं याची नोंद ती ठेवतच नाही. तेव्हा उपाय एक. बंद करून बघू."

"म्हणजे?"

"मेनूतून काढून टाकायचं. आपोआप जाणारे ईमेल थांबवायचे. पुसायचं काहीच नाही, नुसतं लपवायचं. कायद्याने लागणारी बिलं-चलनं सोडून बाकी सगळं. एक महिना. महिनाअखेर त्यात आली पाहिजे. जो ओरडेल त्याला पाच मिनिटांत परत चालू करून द्यायचं आणि यादीत ठेवायचं. जो ओरडणार नाही त्याचं काढायचं."

"आणि आधी सांगायचं?"

"सांगितलंत तर सगळे ओरडतील. खूण करायला सांगितली तेव्हा काय झालं?"

मी विचार केला. चालू सिस्टीममधून कोणालाही न सांगता गोष्टी काढायच्या, परवानगी माझी. काही अडलं तर गळाही माझाच. मी विचारलं, "वर्षातून एकदा लागणारं? ते महिन्यात कसं ओरडेल?"

ते पहिल्यांदा जरा खूश झाले. "बरोबर बोललात. ते तुम्हीच आठवायचं. तेवढ्यासाठी फायनान्स मॅनेजर असतो." मग यादीवर बोट ठेवून म्हणाले, "आणि हेही बंद होणार."

ते बोट माझ्या पानावर होतं.

हे सांगायला हवं. या जागेवर आल्या आल्या मी शेठसाठी एक पान करून घेतलं होतं. रोज सकाळी नऊच्या आधी त्यांच्या ईमेलवर आपोआप जायचं: बँकेत किती, आज कोणाला द्यायचे, कोणाकडून यायचे, कुठलं गिऱ्हाईक लांबवतंय. रचना माझी होती. रंग मी ठरवले होते. पाच वेगवेगळ्या ठिकाणची माहिती त्यात एकत्र यायची, त्यामुळे सगळ्या यादीत ते सर्वांत अवघड कामांपैकी एक होतं. शेठ सकाळी चहाबरोबर ते बघतात अशी माझी समजूत होती आणि त्या समजुतीवर मी कितीतरी वाईट दिवस काढले होते.

"ते ठेवू," मी म्हटलं.

"सगळ्यांचं बंद आणि मॅडमचं चालू?" ते म्हणाले. तेही बंद करायला मी हो म्हटलं.

तो महिना मी विसरणार नाही. पहिला फोन स्टोअरच्या प्रमुखांचा आला, अर्ध्या तासात: "मॅडम, वजनाचा रिपोर्ट कुठं गेला?" चालू करून दिला. मग उत्पादनातून दोन, विक्रीतून तीन. महिनाअखेरीला माझ्याच खात्यातून बरेच. आणि मग शांतता. इतकी शांतता की मला तीही सोसेना. मी रोज सकाळी नऊ वाजता फोन हातात घेऊन बसायचे, शेठ म्हणतील, "ताई, आपलं पान कुठं हाय?" पहिल्या आठवड्यात मी म्हटलं, गडबडीत असतील. दुसऱ्या आठवड्यात ते लग्नाला नाशिकला गेले होते. तिसऱ्यात मी काही म्हटलं नाही.

महिना संपला तेव्हा यादी निम्म्याहून खाली आली होती. वर्षातून एकदा लागणारं सगळं मी आठवून आठवून त्यात घातलं होतं. नवा आकडा शेठच्या निम्म्यात जेमतेम बसत होता. माझ्या पानाचा समावेश धरून. ते मी गुपचूप परत यादीत घातलं होतं. शेठ नसतील ओरडले, पण मी ओरडले होते, मनात.

शेवटची यादी पाठवायच्या आदल्या दिवशी मी काढलेल्या ओळी पुन्हा एकदा वाचायला बसले. ही माझी जुनी खोड. गॅस बंद केलाय का बघायला मी जिन्यातून परत जाते. त्या ओळींत एक अशी होती की जिला धड नावही नव्हतं, नुसता आकड्यांचा कोड. मी व्हेंडरना फोन केला.

त्यांनी शोधून सांगितलं, "हा आपोआप जाणारा ईमेल आहे. जॉबवर्कचा. तुमच्या आधीच्या साहेबांनी करून घेतला होता. रोज चालतो, पण क्वचितच बोलतो."

जॉबवर्क म्हणजे आमचा कच्चा माल बाहेरच्या कारखान्यात पाठवून त्यावर काम करून घेणं. आमच्या पिना भोसरीत प्लेटिंगला, म्हणजे वर धातूचा थर चढवायला, जातात, तसं. कायदा असा की तो माल वर्षाच्या आत परत आला पाहिजे. नाही आला, तर पाठवला त्या दिवशीच तो विकला असं धरतात, आणि त्या दिवसापासूनचं व्याज लावून कर घेतात. एरवी आमचा माल आठवड्याभरात परत येतो, म्हणून हे कोणाच्या डोक्यातच नसतं. साहेबांच्या डोक्यात होतं. वर्ष पुरं व्हायला तीन आठवडे उरले, की हा ईमेल स्टोअरला रोज सांगायचा: अमुक चलनाचा माल परत आलेला नाही. स्टोअरचे प्रमुख टेम्पो पाठवायचे. ईमेल कोण पाठवतं हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आणि महिनाभर तो आला नाही म्हणून ते ओरडणार कसे? न आलेल्या इशाऱ्याची आठवण कोणाला होते?

"सर, तो आत्ता एकदा चालवून बघता का?" मी विचारलं.

ते फोनवर थांबले. कीबोर्डचा आवाज येत होता. "एक आहे," ते म्हणाले. "पिना. एक मोठा लॉट. वर्ष पुरं व्हायला आज आणि उद्या."

गिऱ्हाइकाने डिझाइन बदललं होतं, त्यामुळे त्या पिनांची घाई कोणाला नव्हती आणि त्या भोसरीत पडून राहिल्या होत्या. इशारा तीन आठवडे रोज वाजला असता. मी तो बंद केला होता.

मी लगेच स्टोअरच्या प्रमुखांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, तो प्लेटिंगवाला आज बंद ठेवतो. वीज नसते त्यांच्याकडं गुरुवारी." मी म्हटलं, कुलूप उघडायला लावा, मी त्यांच्याशी बोलते. बोलले. विनवलं म्हणा. टेम्पो संध्याकाळी निघाला, वाटेत नाशिक फाट्याला अडकला, आणि मी ऑफिसात बसून देवाला अशा गोष्टी कबूल केल्या ज्या नंतर पाळणं जड गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माल आमच्या गेटमधून आत आला आणि स्टोअरने पावती नोंदवली. पिना गंजल्या होत्या. गंजल्या तर गंजल्या, कायद्याच्या हिशेबाने परत आल्या होत्या. मी केबिनचं दार लावलं आणि थोडं रडले. आनंदाने नव्हे, भीतीने. ती उशिरा बाहेर पडते.

डोळे पुसल्यावर दुसरी गोष्ट लक्षात आली. साहेबांचं काम वर्षभर का लांबलं, असं आम्ही विचारायचो तेव्हा सगळे म्हणायचे, कसली कसली खुळं काढत बसले. हे त्यातलंच एक खूळ होतं. आम्हाला ते सगळी वर्षं सांभाळत होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता, कारण त्यामुळे काहीच घडत नव्हतं.

मी व्हेंडरना म्हटलं, तो ईमेल यादीत घ्या. ते म्हणाले, "घेतो. पण आकडा शेठच्या मर्यादेबाहेर जाईल. वेगवेगळ्या प्लेटिंगवाल्यांचं, वेगवेगळ्या तारखांचं गणित आहे त्यात, नव्याने लिहायला लागेल. एक ठेवायचं तर एक काढा." कुठलं काढायचं हे त्यांनी सुचवलं नाही. सभ्य माणूस. मुदत मात्र त्यांनी स्वतःच लिहून दिली: काम पाच महिने, नवी सिस्टीम चालू जुलैच्या एक तारखेला. खाली एक ओळ: 'पाडव्याला आपली माणसं मार्चअखेरीत असतील आणि आमची रिकामी बसतील.'

मी तो कागद घेऊन शेठकडे गेले. काय बोलायचं ते जिन्यात दोनदा म्हणून पाहिलं होतं. पिनांची गोष्ट मी सगळी सांगितली, मी इशारा बंद केला होता तेही. ते खिडकीबाहेर बघत ऐकत होते.

"तो इशारा कुणाचा हाय?" त्यांनी विचारलं.

मी साहेबांचं नाव घेतलं. त्या खोलीत किती वर्षांनी ते नाव निघालं असेल कोण जाणे. शेठनी विषय बदलला नाही. मग कागदावरच्या मुदतीवर बोट ठेवून म्हणाले, "पाडव्याचं ऱ्हाऊ दे. जुलै तर जुलै. पन आकडा हालायचा नाय."

"हलणार नाही," मी म्हटलं. "तो इशारा ठेवायचा म्हणून मी दुसरं एक काढतेय. तुमचं सकाळचं पान."

शेठनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता.

"कुठलं पान?" ते म्हणाले.

मी म्हटलं, "काही नाही, शेठ. एक जुना रिपोर्ट होता." मग त्यांच्याच टेबलावरचं पेन घेऊन मी यादीतली ती ओळ खोडली आणि आकड्याखाली सही केली.